बॉण्ड, स्टडी बॉण्ड!

कंपनीच्या पैशाने फॉरेनची डिग्री घ्यायची, हे तर सगळ्यांचंच स्वप्न. पण सही करायच्या आधी त्या बारा पानांत नेमकं काय वाचायचं?

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. एका सोमवारी त्याचा मेल येतो, ‘डिअर ऑल, आय अॅम गोइंग ऑन स्टडी लीव्ह...’ आणि मग कॅन्टीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नसतो. ‘साल्याची ऐश आहे! फी कंपनी भरणार, वर जॉब पण सेफ!’ असं एक टेबल म्हणतं. शेजारचं टेबल म्हणतं, ‘हॅ! पाच वर्षांचा बॉण्ड असणार. गेला बिचारा.’ गंमत म्हणजे दोन्ही टेबलांवरच्या कुणीही तो बॉण्ड वाचलेला नसतो.

मी वाचलाय. एकदा नाही, सात वेळा. २०२२ ते २०२३ हे वर्ष मी इंग्लंडमध्ये सप्लाय चेनमधली एम.एस्सी. करण्यात घालवलं. चाकणच्या ज्या कंपनीत मी प्लॅनिंगमध्ये होते, तिने फीचा मोठा हिस्सा उचलला आणि खुर्ची राखून ठेवली. बदल्यात परत येऊन दोन वर्षं काम करायचं. ती दोन वर्षं सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. त्यामुळे आता ‘अगं, मला पण जायचंय, काय काय विचारू?’ असे फोन येतात. हा लेख म्हणजे त्या सगळ्या फोनांना एकदाच दिलेलं उत्तर.

आधी हे ठरवा, मिळतंय काय?

‘स्टडी लीव्ह’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली, नुसती बिनपगारी सुट्टी. तुमचे पैसे, तुमचं लोन, कंपनी फक्त तुमचं नाव पटावर ठेवते. दुसरी, बिनपगारी सुट्टी अधिक फी. तिसरी, फी आणि वर पगारही. तिसरी खासगी कंपनीत दिसली तर मला जरूर कळवा, मी अर्ज करते!

सरकारी नोकरीत मात्र ती आहे आणि तिचे नियमही छापलेले आहेत. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांनुसार साधारण पाच वर्षं सेवा झाली की स्टडी लीव्ह मागता येते. एका वेळी साधारण बारा महिने, आख्ख्या नोकरीत चोवीस. परदेशात असताना मूळ पगार मिळतो. परत आल्यावर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सरकारने जो प्रत्यक्ष खर्च केला तो व्याजासकट परत करायचा. ‘प्रत्यक्ष खर्च’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. खासगी कंपनीशी बोलताना मला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

नुसती बिनपगारी सुट्टी असेल तर खरं म्हणजे बॉण्ड कशाचा? कंपनीने तुमच्यावर रुपयाही घातलेला नाही. तरीही काही एचआरवाले ‘पॉलिसी आहे’ म्हणून दोन वर्षांचा बॉण्ड पुढे सरकवतात. तिथे सरळ विचारायचं, ‘मॅडम, ही रक्कम कुठल्या खर्चाची?’ उत्तर येईपर्यंत पेन खिशात.

माझ्या हातात आलेला ड्राफ्ट

माझी केस दुसऱ्या प्रकारातली. कोर्सची फी साधारण बावीस लाख. कंपनी त्यातले वीस लाख थेट युनिव्हर्सिटीला भरणार. राहणं, खाणं, विमान, व्हिसा मिळून बारा-तेरा लाख माझे, म्हणजे बँकेच्या लोनचे. वर्षभर पगार नाही.

एचआरने पाठवलेल्या ड्राफ्टमध्ये पाच गोष्टी होत्या. तीन वर्षं काम. मधे सोडलं तर तीस लाख रुपये एकरकमी. त्यावर १८ टक्के व्याज. बाबांची जामीन म्हणून सही. आणि डिग्रीची ओरिजिनल सर्टिफिकेट्स कंपनीकडे जमा. नोकरीबद्दल एकच वाक्य, ‘रुजू झाल्यावर कर्मचाऱ्यास योग्य त्या पदावर नेमण्यात येईल.’

माझा मावसभाऊ शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. दादाने ड्राफ्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘पैशाची कलमं वाईट आहेत, पण ती दुरुस्त होतील. या शेवटच्या वाक्याची मला जास्त भीती वाटतेय.’ तेव्हा मला ते पटलं नव्हतं. तीस लाखांचा आकडा समोर असताना ‘योग्य ते पद’ कोण बघतंय?

दादाने पहिल्यांदा एक गैरसमज दूर केला. बॉण्ड म्हणजे गुलामगिरी नव्हे. कोर्ट तुम्हाला धरून आणून खुर्चीत बसवू शकत नाही, की ‘तीन वर्षं काम करच’ म्हणून सांगू शकत नाही. कंपनीला फार तर पैसे मागता येतात. आणि तेही लिहिलेत तेवढे आपोआप नाहीत. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम ७४ सांगतं, की करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणजे वीस लाख खर्च केलेल्या कंपनीने तीस लाख लिहून घेतले, तर वरच्या दहा लाखांचा हिशोब तिला द्यावा लागेल.

पण म्हणून ‘अरे, बॉण्ड-बिण्ड काही चालत नाही कोर्टात’ असं छातीठोकपणे सांगणारा जो मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचंही ऐकू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या खटल्यात उलट निकाल दिला. बँकेची अट होती की तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख भरा. अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात गेला. हायकोर्टात तो जिंकला, सुप्रीम कोर्टात बँक जिंकली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की, नोकरीच्या काळापुरती घातलेली अशी अट म्हणजे धंदा-नोकरीच्या स्वातंत्र्यावर गदा नव्हे, आणि अधिकाऱ्याच्या पदाच्या मानाने दोन लाख ही रक्कम अवाजवी नाही. तिथे तर परदेशी शिक्षणाचा प्रश्नही नव्हता, नवीन भरतीचा खर्च होता. कंपनीने खरोखर वीस लाख युनिव्हर्सिटीला भरले असतील आणि पावती फाइलला असेल, तर ‘बॉण्ड चालत नाही’ हा फंडा विसरा.

हां, एक गोष्ट मात्र वेगळी. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या ऑटो कंपनीत जायचं नाही’ असं वाक्य बॉण्डच्या पोटात दडवलेलं असतं. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे कलम २७ खाली टिकत नाही. तरी ते वाक्य काढायलाच सांगा. टिकत नाही हे तुम्हाला माहीत असतं, तुमच्या पुढच्या कंपनीच्या एचआरला माहीत असेलच असं नाही.

उतरता जिना की लिफ्ट?

आता पैशाचं कलम. इथे नुसत्या रकमेवर घासाघीस करत बसू नका. रक्कम कशी उतरते, ते बघा. बॉण्डच्या भाषेत त्याला प्रो-रेटा म्हणतात.

माझाच हिशोब घ्या. वीस लाख, चोवीस महिने. समजा, परत आल्यावर दहा महिन्यांनी मला दुसरी ऑफर आली. बॉण्ड एकरकमी असेल तर मी दहा महिने इमानेइतबारे काम केलं तरी वीसच्या वीस लाख देणं लागते. बॉण्ड वर्षाच्या पायरीने उतरणारा असेल, म्हणजे ‘एक वर्ष पूर्ण झाल्यावर निम्मी रक्कम’, तर दहाव्या महिन्यातही वीस लाखच. पण दर महिन्याला उतरणारा असेल तर उरलेले चौदा महिने भागिले चोवीस, म्हणजे साधारण अकरा लाख सहासष्ट हजार. शेवटचा महिना बघा, फरक आणखी चमत्कारिक दिसतो. तेवीस महिने भरल्यावर सोडलं तर वर्षाच्या पायरीवर अजून दहा लाख बाकी, महिन्याच्या पायरीवर फक्त त्र्याऐंशी हजार!

माझा एक बॅचमेट होता नागपूरचा. त्याचा बॉण्ड वर्षाच्या पायरीचा. परत आल्यावर अकराव्या महिन्यात त्याच्या आईचं आजारपण निघालं आणि त्याला नागपूरला राहणं भाग पडलं. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला. वर्ष पूर्ण व्हायला चार आठवडे कमी पडले म्हणून त्याच्यासमोर पूर्ण रकमेचा कागद आला. शेवटी चार आठवडे त्याने बंगळुरूला जाऊन-येऊन काढले. महिन्याची पायरी असती तर ही धावपळच झाली नसती.

मी मॅडमना एवढंच म्हटलं, ‘आकडा तुमच्या खर्चाइतका ठेवा, वीस लाख, माझी ना नाही. पण सरकारसुद्धा प्रत्यक्ष खर्चच मागतं. आणि मी जेवढे महिने काम केलं तेवढे तरी वजा करा.’ त्यांनी फायनान्सला विचारलं. फायनान्सला तर ते सोपंच वाटलं, कारण त्यांनाही तो खर्च महिन्याच्या हप्त्यांनीच विभागायचा होता. तीन वर्षांची दोन वर्षं होण्यासाठी मात्र माझ्या सरांना दोनदा मीटिंग लावावी लागली. व्याज पूर्ण गेलं नाही. राजीनाम्यानंतर तीस दिवसांत पैसे दिले नाहीत तरच ते लागेल, असं ठरलं. चालेल!

सर्टिफिकेट्सना मी सरळ नाही म्हटलं. अटेस्टेड कॉपी देते, ओरिजिनल नाही. बाबांच्या सहीचा प्रश्न जास्त नाजूक होता. बाबा तर पेन घेऊन तयारच होते, ‘त्यात काय एवढं, फॉर्मॅलिटी असते गं.’ फॉर्मॅलिटी नसते, बाबा! कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. कंपनी आधी माझ्याकडे येईल आणि मग त्यांच्याकडे, असं काही नाही. ती सरळ त्यांच्या दारात जाऊ शकते. रिटायर्ड माणसाच्या पीएफवर माझी डिग्री का टांगायची? शेवटी जामीन राहिला, पण मर्यादा पाच लाखांची आणि तीही फक्त मी परत आलेच नाही तर. तुमच्याकडे कोणी सही केलेला कोरा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून मागितला, तर तो मुळीच देऊ नका.

आणि एक ओळ, जी कुठल्याच ड्राफ्टमध्ये आपणहून नसते. कंपनीनेच मला काढलं तर बॉण्ड संपला. मी सोडल्यावर मी पैसे द्यायचे, ठीक. पण मंदी आली, विभाग बंद झाला, नारळ मिळाला, आणि वर वीस लाखांचं बिल? ही ओळ मागताना एचआर जरा चपापतं. ‘गैरवर्तनाचं कारण सोडून’ असे शब्द त्यांना घालू द्या, ते रास्त आहे.

टॅक्सचंही बघा. अॅडमिशन तुमच्या नावावर, आणि तुम्ही भरायची फी कंपनीने भरली, असं चित्र असेल तर ती रक्कम तुमच्या पगारात पर्क म्हणून धरली जाऊ शकते आणि त्यावर टीडीएस कापला जाऊ शकतो. वीस लाखांवरचा टॅक्स म्हणजे चेष्टा नाही, आणि तोही ज्या वर्षी पगार नाही त्या वर्षी! म्हणून करारात कंपनीने तुम्हाला कामाच्या गरजेसाठी निवडून पाठवलं, असं स्पष्ट लिहून घ्या. पेरोल ती फी कशी दाखवणार, हे मेलवर मागा आणि तो मेल सीएला दाखवा. टॅक्स तुमच्याकडूनच कापणार असतील तर बॉण्डची रक्कमही त्या मानाने कमी झाली पाहिजे. नाहीतर सोडताना वीस लाख परत द्याल आणि भरलेला टॅक्स मात्र अडकून बसेल.

‘योग्य ते पद’ म्हणजे कुठलं?

आता दादाच्या भीतीकडे येऊ. वर्षभर खुर्ची रिकामी राहत नाही. कुणीतरी बसतंच. तो कुणीतरी मन लावून काम करतो, त्याला बढती मिळते, आणि तुम्ही एक दिवस बॅग घेऊन गेटवर उभ्या. तुमच्या पदाचं नाव कायम असतं, काम दुसऱ्याचं झालेलं असतं. ‘योग्य ते पद’ या शब्दांत औरंगाबादचं गोडाऊनही बसतं आणि ऑडिट विभागातलं कोपऱ्यातलं टेबलही.

म्हणून ‘सेम रोल’ असं म्हणून थांबायचं नाही. तो शब्द फोडायचा. माझ्या करारात शेवटी असं आलं: तीच ग्रेड किंवा वरची, सुट्टीआधीच्या सीटीसीपेक्षा कमी नाही, पुणे किंवा चाकण, मटेरियल प्लॅनिंगचंच काम, आणि रिपोर्टिंग सध्याच्या माझ्या बॉसच्या लेव्हलला. ‘तीच खुर्ची’ असं मात्र मी लिहायला सांगितलं नाही. वर्षभराने तीच खुर्ची असेल असं कुठलीच कंपनी प्रामाणिकपणे लिहून देऊ शकत नाही, आणि जी देते तिचा मला जरा संशय येतो.

त्यापेक्षा महत्त्वाचं आहे, ती खुर्ची नसेल तर काय, हे लिहिणं. आमचं असं ठरलं की रुजू व्हायच्या तारखेपासून साठ दिवसांत वरच्या अटींतलं काम मिळालं नाही, तर मी बॉण्डचे पैसे न देता नोकरी सोडू शकते. बस्स. हीच माझी खरी सिक्युरिटी होती. कंपनीला माझी खुर्ची जपायला भाग पाडणारं आपल्याकडे दुसरं काही नाही. खासगी नोकरीत स्टडी लीव्हनंतर तेच पद मिळण्याचा हक्क देणारा कायदा नाही, मॅटर्निटी लीव्हसारखं संरक्षण तर नाहीच. जे आहे ते कागदावर. आणि कागदाला दात तेव्हाच येतात, जेव्हा खुर्ची गेली तर कंपनीचे वीस लाखही जातात.

बदली माणसाचंही आधीच ठरवून घ्या. मी सरांना सुचवलं की माझ्या जागी कायमचा माणूस घेऊ नका, टीममधल्याच मुलाला वर्षभराचा अॅक्टिंग चार्ज द्या. त्याला अनुभव मिळाला, भत्ता मिळाला, आणि त्याच्या पत्रात पहिल्या दिवसापासून शेवटची तारीख होती. कुणालाच फसवल्यासारखं वाटलं नाही.

आणि तरीही! फेब्रुवारी २०२३ मध्ये मी लायब्ररीत असाइनमेंटशी झुंजत होते आणि सरांचा मेसेज आला, ‘अगं, मी सोडतोय. मोठी रिऑर्ग आहे. फोन कर.’ प्लॅनिंग आणि परचेस एकत्र होणार होतं. मला शब्द देणारा माणूस जाणार होता. तोंडी शब्दावर गेले असते, तर तो शब्द सरांबरोबरच गेला असता.

मी त्याच आठवड्यात एचआरला मेल टाकला. तक्रारीचा सूर नाही. ‘रिऑर्गबद्दल कळलं. कराराच्या कलमानुसार सप्टेंबरात माझी जागा नवीन रचनेत कुठे असेल, ते कळवावं,’ एवढंच, आणि करार अॅटॅच. नव्या साहेबांना कॉपी. त्यांना माझं नावही माहीत नव्हतं, पण या मेलमुळे नव्या चार्टवर माझ्या नावाचा एक डबा काढावा लागला. जून-जुलैत चार्ट पक्का होऊन गेल्यावर हाच मेल केला असता, तर कलम तेच असतं, पण डबा आधी भरलेला असता.

जूनच्या शेवटी मी रुजू होण्याची लेखी सूचना दिली. करारात साठ दिवस आधी म्हटलं होतं, मी जवळजवळ नव्वद दिवस आधी दिली.

तारखांचा घोळ

इंग्लंडच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ची एक गंमत आहे. लेक्चर्स मे-जूनपर्यंत संपतात, मग उन्हाळाभर डिझर्टेशन, ते साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला द्यायचं. पण रिझल्ट लागतो त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आणि डिग्रीचा कागद त्याहून उशिरा. ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, ‘पदवी प्राप्त झाल्यावर रुजू होईल आणि त्या तारखेपासून बॉण्ड सुरू होईल.’ दिसायला साधं वाक्य. पण सप्टेंबरात परत येऊन कामाला लागले असते, तरी माझा बॉण्ड डिसेंबर-जानेवारीपर्यंत सुरूच झाला नसता! ते बदलून घेतलं: डिझर्टेशन दिल्यापासून तीस दिवसांत रुजू, आणि रुजू झाल्याच्या दिवसापासून बॉण्ड सुरू. मी २५ सप्टेंबर २०२३ ला, सोमवारी, रुजू झाले. म्हणून २४ सप्टेंबर २०२५ ला सुटले.

नापास झाले तर? हेही विचारा, लाजू नका. एखादा विषय राहिला किंवा डिझर्टेशन पुन्हा द्यावं लागलं, तर पूर्ण रक्कम परत, असं बऱ्याच ठिकाणी असतं. माझ्या करारात एक संधी जास्त आणि तीन महिन्यांची वाढीव मुदत आली. लागली नाही, पण झोप चांगली लागायची.

त्या वर्षी ‘रोज दोन तास मेल बघत जा गं’ असं तुमचे सर प्रेमाने म्हणतील. तिथे सावध. इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला वीस तासांची कामाची मर्यादा असते, आणि लॅपटॉपवरून भारतातल्या कंपनीचं काम करणं हेही कामच. शिवाय मास्टर्सवाल्यांसाठी डिझर्टेशनचा उन्हाळा सुट्टीत धरत नाहीत, ती टर्मच. मी सरांना म्हटलं, महिन्यातून एक गप्पांचा कॉल करते, काम नाही. डिझर्टेशन कंपनीच्या डेटावर करणार असाल, तर डेटा कोणाला दाखवायचा याचं पत्र आधी घ्या. मला ते मिळायला सहा आठवडे लागले.

आणि मोह! कोर्स संपल्यावर तिथे राहून नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. माझ्या वेळी तो दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचा मिळणार आहे. आमच्या बॅचमधल्या दोघांनी वीस-बावीस लाखांचा बॉण्ड पौंडात भागून बघितला आणि ‘दीड वर्षात फिटेल’ असं ठरवलं. फिटेलही. पण नोकरी लागायच्या आधी पैसे भरायची तारीख येते, आणि जामीनदार इथेच असतो, सोलापूरला, आपल्या घरी. हा हिशोब पौंडात होत नाही.

परत आल्यावर

नव्या रचनेत माझा डबा ‘प्लॅनिंग अँड सोर्सिंग’मध्ये होता. ग्रेड तीच, जागा चाकण, काम साठ टक्के जुनं, चाळीस टक्के नवं. करारात बसत होतं. अॅक्टिंग चार्जवाला मुलगा सोर्सिंगला गेला, आजही आम्ही एका टेबलावर डबा खातो.

जे बसत नव्हतं ते अप्रेझलमध्ये निघालं. मधल्या वर्षी मी ‘नॉट रेटेड’, म्हणजे वाढ शून्य. इतरांची नऊ-दहा टक्के झालेली. आणि पुढची बढती द्यायची तर सलग दोन वर्षांचं रेटिंग हवं! म्हणजे एक वर्षाची सुट्टी बढतीच्या रांगेत दोन वर्षांना पडत होती. हे मी जायच्या आधीच एका सीनियर मैत्रिणीकडून ऐकलं होतं, म्हणून करारात एक ओळ घेतली होती, की सुट्टीच्या वर्षासाठी आधीच्या वर्षाचं रेटिंग धरावं. एचआरच्या सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नव्हता. दोन महिने आणि तीन मेल लागले, पण ते झालं. डिग्रीसाठी वेगळी वाढ मिळाली का? नाही. तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं, आणि वीस लाख दिलेल्या कंपनीकडून ती अपेक्षाही मला जरा जास्तच वाटते.

बिनपगारी वर्षात पीएफ जमा होत नाही, पण खातं चालू राहतं, जुन्या रकमेवर व्याज मिळतं. मंजूर रजा ग्रॅच्युइटीसाठी सलग नोकरीत धरली जाते. मात्र कंपनीने आधी राजीनामा द्यायला लावून परत ‘रिहायर’ करायचं म्हटलं, तर पाच वर्षांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. ‘फक्त सिस्टीमसाठी’ म्हणून सांगतात, फसू नका. ग्रुप मेडिक्लेमचं विचारायचं राहून जातं. पगार थांबला की बऱ्याच कंपन्यांत आई-बाबांचं कव्हरही थांबतं. मी वर्षाचा प्रीमियम एकदम भरून ते चालू ठेवलं. मार्चमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच झालं.

करार स्टॅम्प पेपरवर करा, दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन ओरिजिनल. मी गेले तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालायचा, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झालाय. आणि बॉण्ड संपल्याच्या दिवशी तो आपोआप संपला, असं समजून घरी जाऊ नका. ‘रक्कम शून्य, जामीन मुक्त’ असं पत्र मागा. मला ते यायला नऊ दिवस लागले. बाबांनी त्याची झेरॉक्स काढून लॉकरमध्ये ठेवलीय.